ईएसबीएल म्हणजे इंजेक्शनच?
"युरिन कल्चरमध्ये ईएसबीएल ई. कोलाय आला, की इंजेक्शनला पर्याय नाही."

ताप नाही, कंबरेत कळ नाही, नुसती जळजळ आहे, तर पर्याय आहे की! ईएसबीएल हे जंतूचं एन्झाइम सेफिक्झिमसारखी औषधं तोडतं. नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिनची रचनाच वेगळी, त्यांना ते हात लावत नाही. रिपोर्टमध्ये दोन्हींपुढे 'सेन्सिटिव्ह' असेल आणि किडनी ठीक असेल, तर मी नायट्रोफ्युरँटोइन एसआर 100 मिग्रॅ निवडेन: दिवसातून दोनदा, जेवणानंतर, 5 दिवस. फॉस्फोमायसिनचं 3 ग्रॅमचं सॅशे एकदाच घ्यायचं, सोयीचं खरं. पण जंतू ई. कोलायऐवजी क्लेब्सिएला असेल, तर त्याच्याकडे फॉस्फोमायसिन निकामी करणारं जनुक बहुधा असतंच.

आणि मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयाचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणतं औषध किती चालतं याचा तक्ता, ओपीडीला जसाच्या तसा लावू नका. त्यात दाखल, कॅथेटरवाले रुग्ण मिसळलेले असतात, त्यामुळे रेझिस्टन्स फुगलेला दिसतो. लॅबकडे ओपीडीच्या युरिनचा वेगळा तक्ता मागा.