सहस्रचंद्रदर्शनाचा व्हिडिओ आणि तीन दिवसांची लिंक

घरात कार्य झालं की महिन्याभराने व्हिडिओवाला पेनड्राइव्ह देतो आणि मग कुटुंबाच्या ग्रुपवर एकच घोष सुरू होतो, "आम्हालाही पाठवा ना!" आजीच्या सहस्रचंद्रदर्शनानंतर आमच्याकडे हेच झालं. मावशी न्यू जर्सीत, भाचा मेलबर्नला. व्हिडिओ दोन तासांचा आणि फाइल तब्बल साडेबावीस जीबीची.

एवढी का? व्हिडिओवाले एडिट करून २५ एमबीपीएसच्या आसपास फाइल काढून देतात. म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट धरून सेकंदाला तीन एमबीहून जास्त. गुणून बघा, दोन तासांचा हिशोब तिथेच जातो. घरातल्या वायफायचा अपलोड वेग २० एमबीपीएस धरला तर ही फाइल वर चढायला अडीच तास, तेही मध्ये लाइट गेली नाही तर.

माझं मत स्पष्ट आहे: फाइल लहान करायचीच आहे तर ती आपण करावी, व्हॉट्सॲपवर सोडू नये. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते चित्र इतकं दाबतं की पैठणीचा काठ नुसता पट्टा दिसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर दाबत नाही, पण तिथे २ जीबीची मर्यादा. औक्षणाची पाच मिनिटं कापून पाठवायला ते उत्तम. अख्खा कार्यक्रम त्यात मावत नाही.

हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर टाकून घ्या. त्यात `Fast 1080p30` हा प्रीसेट निवडा, फॉरमॅट `MP4` आणि `Web Optimized` वर टिक, म्हणजे पूर्ण उतरायच्या आत व्हिडिओ सुरू होऊ शकतो. दर्जा ठरतो `RF` या आकड्यावर, आणि तो उलटा चालतो: आकडा लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. २२ बहुतेक वेळा पुरतो. पण आख्खी फाइल लावून झोपायच्या आधी `Range` मध्ये `Seconds` निवडून दोन मिनिटांचाच तुकडा काढून बघा, आणि तो तुकडा सगळ्यात अवघड जागेचा घ्या. आमच्याकडे हॉलचे दिवे मालवून आजीला निरांजनांनी ओवाळलं तो. अंधाऱ्या भागातच आधी चौकोन दिसायला लागतात. तिथे ते दिसले, म्हणून मी २० वर आले. फाइल साधारण पाच जीबीवर आली आणि टीव्हीवर मला तरी फरक कळला नाही.

एच-२६५ या व्हिडिओ दाबायच्या नव्या पद्धतीत फाइल आणखी लहान होते, मान्य. पण समोरच्याच्या जुन्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर नुसता आवाज येतो, चित्र काळं, आणि मग रात्री अकराला फोनवरून दुरुस्ती करत बसा. नातेवाइकांसाठी जुनं एच-२६४ बरं.

आता लिंक. वीट्रान्सफरसारख्या, मोठी फाइल चढवून तिची लिंक देणाऱ्या सेवा ग्राहकाला काम पोचवायला ठीक आहेत. मोफत खात्यात आता तीस दिवसांत एकूण ३ जीबी आणि लिंकचं आयुष्य तीन दिवस. नातेवाइकांचं वेळापत्रक तसं नसतं. मावशी म्हणणार, "शनिवारी निवांत बघते गं सगळ्यांबरोबर," आणि सोमवारी पाठवलेली लिंक तोवर गतप्राण. मुदतीचीच लिंक वापरायची असेल तर आपल्याकडच्या शुक्रवारी रात्री पाठवा. मावशीकडे तेव्हा दिवस असतो आणि पुढे शनिवार-रविवार मिळतो.

मी गूगल ड्राइव्ह घेते. तिथे लिंक आपणहून मरत नाही. फाइल काढली किंवा शेअरिंग बंद केलं तरच. मात्र १५ जीबी मोफत जागा जीमेल आणि फोटोंसह मिळून आहे. ती भरली की मेल यायचेच बंद होतात, म्हणून मूळ साडेबावीस जीबीचा तिथे प्रश्नच नाही. परवानगी `Anyone with the link` ठेवा, नाहीतर पहाटे चारला "ॲक्सेस द्या" असे मेल येतात. आणि चढवल्या चढवल्या "व्हिडिओ धूसर आहे" अशी तक्रार आली तर घाबरू नका, ड्राइव्ह बघण्यासाठीची प्रत अजून तयार करत असतं. डाउनलोड केली तर आपण चढवली तीच फाइल मिळते.

यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाका असं सुचवणारे बरेच भेटतात. बघायला सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण व्हिडिओवाल्याने मागे सिनेमाची गाणी भरलेली असतात. कॉपीराइटवाल्यांनी ठरवलं तर व्हिडिओ काही देशांत दिसतच नाही किंवा आवाज कापावा लागतो. शिवाय खातं फोन नंबरने व्हेरिफाय केलं नसेल तर १५ मिनिटांपुढे चढवता येत नाही.

मूळ फाइल भाचा दिवाळीत येईल तेव्हा हातात देणार आहे. त्याचा पेनड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसणार नाही, जागा रिकामी असली तरी. आधी त्यातलं सगळं बाजूला काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून आण, असं त्याला आजच कळवलंय.