बादली फुकट हाय

बायकोने धुण्याची पावडर आणायला पाठवलं. राजारामपुरीतल्या दुकानात मी शिरलो तेव्हा वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम.

फळीवर अर्ध्या किलोचा पुडा होता, ६६ रुपयांना. शेजारी एक किलोचा १३० ला आणि खाली चार किलोची पिशवी ५४० ला, निळ्या बादलीसकट. काउंटरवर दहा रुपयांच्या पुड्यांची माळ लोंबत होती, एकेक ८५ ग्रॅमची.

एक किलोहून लहान पुड्यावर एका ग्रॅमचा भाव छापायचा आणि मोठ्यावर किलोचा, असा सरकारी नियम आहे. मी चष्मा पुसून वाचलं. अर्ध्या किलोवर ०.१३, बादलीवाल्यावर १३५. आता यांची तुलना कशी करायची? हजाराने गुणलं तर १३० येतात. पण ६६ चे दुप्पट १३२ होतात, मग दोन रुपये गेले कुठं? दोन दशांशांत छापताना ०.१३२ चं ०.१३ होतं. म्हणजे ०.१३ छापलेला पुडा किलोला १२५ चाही असू शकतो आणि जवळजवळ १३५ चाही. या छपाईत दहा रुपये आरामात लपतात.

म्हणून मी उलटा हिशेब धरला, एका रुपयाला किती ग्रॅम. पुडीला साडेआठ, किलोच्या पुड्याला पावणेआठच्या जरा खाली, बादलीवाल्याला साडेसातही नाहीत! मोठं घेतलं की स्वस्त पडतं, हे आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची तोंडं डोळ्यांसमोर आली. बारा पुड्या म्हणजे १२० रुपयांत १०२० ग्रॅम.

"काका, बादली फुकट हाय की," पोरगं म्हणालं.

"फुकट नाही रे. बारा पुड्या तोड."

तेवढ्यात मागच्या बाईंनी किलोचा पुडा उचलला. त्यावर दुकानदाराने हाताने ११५ चं लेबल चिकटवलं होतं. छापील भाव एमआरपीवर काढलेला असतो, दुकानातल्या सवलतीचा त्याला पत्ता नसतो. ११५ ला हजार, म्हणजे रुपयाला आठ पूर्णांक सात! पण तो शेवटचाच पुडा होता. बाई बिल करून गेल्यासुद्धा.

माळ गळ्यात घालावी तशी घेऊन घरी आलो. हिने ओल्या हातांनी एक पुडी ओढली. फाटेना. मग दातांनी फाडली आणि सगळी यंत्रात रिकामी केली.

"अगं, सगळी? चमच्याने मोजून घालायची ना, साठ ग्रॅम पुरतात."

"फाडलेली पुडी ठेवू कुठं? अहो, बादली होती म्हणे त्या मोठ्या पिशवीबरोबर. आपली गळतीय ना, महिना झाला."