व्हॉट्सॲपवरचा अंगठा नेमका कोणाकोणाला कळतो?

एक सल्ला फिरतो आहे: "ग्रुपमध्ये कोणाच्या मेसेजवर अंगठा दिला की सगळ्या ग्रुपचे फोन वाजतात. त्यापेक्षा सरळ 'ओके' लिहा. रिॲक्शन म्हणजे फेसबुकचं लाइकच, कोणी दिली ते कोणाला दिसत नाही. चुकून दिली तर लगेच काढा, कोणाला पत्ताही लागत नाही."

सगळ्यांचे फोन वाजतात? नाही. रिॲक्शनचं नोटिफिकेशन जातं ते फक्त ज्याचा मेसेज आहे त्याला. बाकीच्यांना ती ग्रुप उघडल्यावर मेसेजखाली दिसते, एवढंच.

समजा, सोसायटीच्या ग्रुपमध्ये १८० जण आहेत. 'उद्या टाकी धुणार, सकाळी १० ते १ पाणी नाही' असं सेक्रेटरींनी टाकलं आणि ४० जणांनी अंगठा दिला. या ४० अंगठ्यांची वर्दी एकट्या सेक्रेटरींना. त्याच ४० जणांनी 'ओके' लिहिलं, तर प्रत्येक 'ओके' उरलेल्या १७९ जणांकडे नवा मेसेज म्हणून जातो, म्हणजे एकूण ७,१६० वेळा. शिवाय मूळ सूचना चाळीस मेसेज वर सरकते आणि संध्याकाळी ग्रुप उघडणारा विचारतो, "पाणी कधी नाही म्हणालात?" म्हणजे फिरणारा सल्ला नेमका उलटा आहे.

सेक्रेटरींना या वर्दीचा त्रास होत असेल, तर त्यांनी स्वतःच्या फोनवर Settings > Notifications मध्ये जाऊन Reaction notifications बंद करावं. ग्रुपसाठी आणि वैयक्तिक मेसेजसाठी ही बटणं वेगवेगळी आहेत. एक बंद केलं तरी दुसरं चालूच राहतं, आणि 'बंद केलं तरी येतातच' ही तक्रार बहुधा त्यातूनच येते. बटण मेसेज लिहिणाऱ्याच्या हातात असतं, रिॲक्शन देणाऱ्याच्या नाही. 'गुपचूप अंगठा' अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये नाही.

कोणी दिली ते दिसत नाही? दिसतं, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. मेसेजखालच्या इमोजीवर बोट टेकवा, खालून यादी वर येते: कोणी काय दिलं, नावासकट. ही यादी लपवता येत नाही. वादाच्या मेसेजवर 'नुसता अंगठाच तर दिलाय' असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. बाजू घेतल्याची नोंद तिथे राहते. वैयक्तिक चॅटमध्ये आणखी एक गंमत. निळ्या टिका बंद ठेवणारेही रिॲक्शन देतात, आणि मेसेज वाचल्याचं स्वतःच जाहीर करतात.

अपवाद चॅनलचा. तिथे कोणत्या इमोजी किती आल्या ते दिसतं, पण कोणी दिल्या ते इतर फॉलोअर्सना दिसत नाही. दाव्यातलं हे वाक्य बहुधा तिथून उचललेलं असावं.

काढली की पत्ता लागत नाही? लागू शकतो. निधनाच्या बातमीवर 🙏 द्यायला गेलात आणि शेजारच्या 😂 वर बोट पडलं, असं समजा. काढायची पद्धत सोपी: त्या इमोजीवर टेकवा, यादीत आपल्या नावावर टेकवा, इमोजी जाते. पण तोवर समोरच्याच्या स्क्रीनवर नोटिफिकेशन येऊन गेलेलं असू शकतं. काढण्याआधी समोरचा ती पाहू शकतो, असं व्हॉट्सॲप स्वतःच सांगतं. त्यातून अँड्रॉइड ११ किंवा पुढच्या फोनवर नोटिफिकेशनचा इतिहास चालू ठेवलेला असेल, तर निघून गेलेली वर्दीही तिथे नंतर वाचता येते. एका मेसेजवर एका माणसाची एकच रिॲक्शन राहते, नवी दिली की जुनी जाते. म्हणून अशा वेळी 😂 काढून जागा मोकळी सोडण्यापेक्षा तिथेच 🙏 द्यावं. पाहिलंच असेल, तर चुकून झालं हे समोरच्याला कळतं. निधनाच्या बाबतीत मात्र दोन ओळी लिहिणं बरं.

रिॲक्शन म्हणजे लाइकच? फेसबुकवर हे बरंचसं खरं आहे. तिथे २००९ पासून नुसतं लाइक होतं, २०१६ मध्ये प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख, राग आले आणि २०२० मध्ये 'केअर'. लाइक हा या सातांपैकी एक, सगळ्यांची बेरीज एकत्र.

व्हॉट्सॲपच्या मेसेजवर लाइक नावाची वेगळी गोष्टच नाही. 👍 ही इतरांसारखीच एक इमोजी. स्टेटसवर मात्र दोन्ही आहेत आणि दोन्ही निराळ्या. तिथलं हृदय दाबलं की ते स्टेटस टाकणाऱ्याला, पाहणाऱ्यांच्या यादीत तुमच्या नावाशेजारी दिसतं. चॅटमध्ये काही जात नाही. तेच 😂 निवडून पाठवलं, तर ते उत्तर म्हणून थेट चॅटमध्ये जाऊन पडतं. स्टेटस पाहणाऱ्या इतरांना यातलं काहीच दिसत नाही. साहेबांच्या स्टेटसला नुसती दाद द्यायची असेल, संभाषण सुरू करायचं नसेल, तर हृदय दाबावं.