स्कूटरच्या चार्जिंगला 32चा एमसीबी कशाला?

सोसायटीत कुणाकडे इलेक्ट्रिक स्कूटर आली की वायरमनला बोलावलं जातं आणि ठरलेलं वाक्य कानावर पडतं, "साहेब, गाडीचं चार्जिंग आहे, लोड जास्त येणार. 32चा एमसीबी टाकतो, म्हणजे ट्रिपची कटकट नको." एमसीबी म्हणजे ठरलेल्या अँपिअरपेक्षा जास्त करंट गेला की आपोआप पडणारा ब्रेकर. गेल्या वर्षभरात आमच्या पार्किंगमध्ये असे बरेच पॉइंट निघालेत आणि ते बघून माझं मत पक्कं झालंय: आपण नको तिथे पैसे घालतो आणि हवे तिथे वाचवतो.

आधी लोडचं बघू. स्कूटरबरोबर मिळणारा घरगुती चार्जर साधारण 650 ते 950 वॅटचा असतो. म्हणजे करंट तीन ते साडेचार अँपिअर, आपल्या इस्त्रीएवढाच. दोन किलोवॅटचा गीझर यापेक्षा दुप्पट ओढतो. फरक एवढाच की गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, इस्त्री मधूनमधून कट होते आणि चार्जर मात्र सलग चार-पाच तास तोच करंट ओढत राहतो, तोही सगळे झोपलेले असताना.

सगळी गोम या सलग तासांत आहे. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या सैल झाल्या किंवा मागचा स्क्रू नीट आवळलेला नसला की त्या सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. चार अँपिअरचा वर्ग सोळा, त्याच्या निम्मे आठ. म्हणजे प्लगच्या पिनेपाशी, शेंगदाण्याएवढ्या जागेत, आठ वॅट उष्णता. यूएसबीवर चालणारा छोटा सोल्डरिंग आयर्न आठ वॅटचाच असतो. तो प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून रात्रभर चालू ठेवायची कल्पना करा.

आणि आता महत्त्वाचं: यातलं एमसीबीला काहीही कळत नाही. त्याच्यातून चारच अँपिअर जातायत, तो कशाला पडेल? 32चा सोडा, 6चा असता तरी पडला नसता. एमसीबी वायर वाचवतो, सैल सांधा वाचवत नाही. म्हणून सॉकेट चांगल्या कंपनीचा, आयएसआय मार्कचा, 16 अँपिअरचा घ्यायचा. आपला करंट 16 नसला तरी त्याच्या पट्ट्या जाड असतात आणि पिन घट्ट पकडतात. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. बोर्ड आला की आणखी दोन सांधे वाढले. 16चा प्लग 6च्या सॉकेटला जोडणारा तो कन्व्हर्टर तर सरळ फेकून द्या.

पॉइंट बरा आहे की नाही हे तपासायला यंत्र लागत नाही. तासभर चार्जिंग झाल्यावर आधी स्विच बंद करा, मग प्लग काढून पिनांना हात लावा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला, पिनेभोवती प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी दिसलं किंवा मासळीसारखा जळका वास आला, तर त्या सॉकेटवर त्या रात्री गाडी लावू नका.

मग एमसीबी किती अँपिअरचा? वायर किती जाड आहे त्यावर. पार्किंगमधल्या पॉइंटला मी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर सुचवतो आणि तिला 16चा. खरं तर चार्जरला दीडचीही पुरली असती. पंचवीस मीटर लांबीला अडीचच्या वायरवर जेमतेम दीड व्होल्ट कमी होतात, दीडच्या वायरवर अडीच व्होल्टच्या आसपास. पण सॉकेट 16चा दिसला की उद्या कुणीतरी त्यावर गाडी धुण्याचा पंप लावणार, परवा कुणी वेल्डिंगवाला येणार. त्या दिवशी अडीचची वायर आणि 16चा ब्रेकर एकमेकांना सांभाळून घेतात. त्याच वायरला 32चा लावला, तर वायर तापून इन्सुलेशन मऊ पडेल, तरी ब्रेकर आपला निवांत.

ब्रेकरची जागाही बघा. तो मीटर रूममध्ये, स्वतःच्या मीटरनंतरच्या मेन स्विचपासून लाइन निघते तिथे हवा. बरेच वायरमन तो सॉकेटशेजारच्या डबीत बसवतात, कारण दिसायला छान दिसतो. मग मधली वीस-पंचवीस मीटर वायर संरक्षणाशिवाय राहते.

साध्या एमसीबीऐवजी आरसीबीओ घ्या, दोन पोलचा, 16 अँपिअर, 30 मिलीअँपिअर. एमसीबीचं आणि शॉकपासून वाचवणाऱ्या आरसीसीबीचं काम तो एकटा करतो. मिळाला तर टाइप ए घ्या. चार्जरमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे लीकेज करंट साधा एसी असेलच असं नाही आणि टाइप एसी त्याला फसू शकतो. पैसे जास्त जातात हे खरं. पण पावसाळ्यात ओल्या फरशीवर चप्पल घालून, ओल्या हाताने प्लग लावणारे आपणच असतो.

आता आमच्याच बिल्डिंगमधला किस्सा. तळमजल्यावरच्या काकांच्या पॉइंटला आरसीबीओ बसवला आणि चार्जर लावला की तो फट्कन पडायचा. वायरमन म्हणाला, "पीस खराब आहे, साधा एमसीबी टाकून देतो, चालेल." काका तयारही झाले होते. मी म्हटलं, "थांबा काका, आधी न्यूट्रल कुठून आणलाय ते बघू." निघालं ते असं: फेज काकांच्या मीटरवरून आणि न्यूट्रल पार्किंगच्या कॉमन लाइटमधून, वायर वाचवायला. आरसीबीओ जाणारा आणि येणारा करंट जुळवून बघतो. गेलेला चार अँपिअर त्याच्यातून परत येतच नव्हता, मग तो पडणारच. मीटरवरचा ईएल लिहिलेला लाल दिवाही लागायचा, त्याच कारणाने. स्वतंत्र न्यूट्रल ओढला आणि तोच "खराब" पीस आजतागायत मुकाट चालतोय. त्या दिवशी साधा एमसीबी लागला असता तर गाडी मजेत चार्ज झाली असती आणि ही चूक कुणाला कळलीच नसती.

अर्थिंगबद्दल थोडं. थ्री पिन सॉकेट म्हणजे अर्थिंग आहे असं नसतं. जुन्या पार्किंगमध्ये हिरवी वायर कुठेतरी गुंडाळून सोडलेली मी पाहिली आहे. मल्टिमीटर फेज आणि अर्थमध्ये 230 दाखवतो म्हणून खूश होऊ नका, त्याला नाममात्र करंट पुरतो. वायरमनकडून आरसीबीओच्या आधीच्या बाजूला फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा पिवळा बल्ब लावून घ्या. न्यूट्रलवर लागतो तसाच लख्ख लागला तर अर्थिंगला अर्थ आहे. मिणमिणला तर सोसायटीच्या अर्थ पिटकडे बघायची वेळ झाली. ही टेस्ट लायसन्सवाल्यानेच करायची, यूट्यूब बघून नाही. आणि आरसीबीओवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा, पण ते फक्त आरसीबीओ तपासतं, अर्थिंग नाही.

कमिटीच्या परवानगीवरून बरीच भांडणं होतात. स्वतःच्या घरगुती कनेक्शनवर स्वतःची गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुभा आहे. पण केबल कॉमन भिंतीवरून जाणार, तेव्हा ती पाइपातून नेणं, सॉकेट कमरेच्या वर आणि झाकणाच्या वॉटरप्रूफ डबीत बसवणं, हा कमिटीचा आग्रह रास्तच आहे. जिन्याच्या तोंडाशी पॉइंट काढू नका असं त्यांनी म्हटलं तर तेही ऐका; आग लागली तर पळायची वाट तीच.

पॉइंट सुरू झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने वायरमनला परत बोलवा. मेन बंद करून सॉकेटचे आणि आरसीबीओचे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. मल्टिस्ट्रँड वायर स्क्रूखाली दबून बसते आणि पहिल्यांदा घट्ट वाटलेला स्क्रू अर्धा आटा तरी फिरतो. शक्य असेल तर वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा लग लावून घ्या. वायरमन म्हणेल कशाला, लावून घ्याच.