दुसऱ्या अध्यायाला तीन मिनिटं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

गीतेच्या प्रत्येक अध्यायावर तीन मिनिटांचा एक, अशा अठरा भागांच्या मालिकेचा माझा आराखडा वाचून आलेली वाचकाची प्रतिक्रिया: «अठरा अध्याय म्हणून अठरा भाग, ही सोय झाली, विचार नव्हे. दुसऱ्या अध्यायात ७२ श्लोक, बाराव्यात २०, आणि दोघांनाही तीनच मिनिटं? निदान दुसऱ्याचे तीन भाग करा. पहिला अध्याय नुसती योद्ध्यांची यादी आहे, तो गाळा. तेराव्याचे श्लोक कोणत्या प्रतीप्रमाणे धरलेत तेही लिहिलेलं नाही. अकराव्याला ढोल-ताशे वाजवू नका. एकूण आराखडा वाचून, तुम्ही गीता सलग वाचली आहे की सुविचारांच्या वहीतून उचलली आहे, असा प्रश्न पडतो.»

नमस्कार.

आधी तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलते. बाकीच्या मुद्द्यांवर मतभेद असू शकतो, पण या वाक्यात मुद्दा नाही, फक्त हिणवणं आहे. आमच्या घरी रात्री पानं वाढली की पंधरावा अध्याय म्हटल्याशिवाय कुणी घास उचलत नसे. शाळेत असताना गीता पाठांतर स्पर्धेची तयारी आजोबांनी करून घेतली, आणि पुढे मी स्वतः मुलांना पाठांतर शिकवू लागले. दुसरा अध्याय मुलं नेमकी कुठे अडखळतात ते मला विचारा. पाचव्या श्लोकाला अनुष्टुभ सुटतो आणि त्रिष्टुभ येतो, आठव्यानंतर पुन्हा अनुष्टुभ. मग विसाव्याला, बाविसाव्याला, एकोणतिसाव्याला आणि थेट सत्तराव्याला छंद पुन्हा बदलतो. सुविचारांच्या वहीत हे सापडत नाही. न पटलेली गोष्ट सांगायला माणसाच्या वाचनावर संशय घ्यावा लागत नाही, एवढं आपल्यात ठरलं तर पुढचं बोलणं सोपं होईल.

तेराव्याबद्दलची तुमची सूचना योग्य आहे. काही प्रतींमध्ये त्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुनाचा ‘प्रकृतिं पुरुषं चैव’ हा प्रश्न असतो. तो धरला तर श्लोक ३५ होतात आणि गीतेची एकूण संख्या ७०१. मी ७०० श्लोकांची प्रत धरली आहे. आता प्रत्येक भागात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अध्याय आणि श्लोक क्रमांक देणार आहे, म्हणजे कोणालाही आपली प्रत उघडून पडताळता येईल.

आता ७२ आणि २०. श्लोक मोजून वेळ वाटायचा, हे माप तुम्ही कुठून आणलंत? ज्ञानेश्वरांनी ते वापरलेलं नाही. दुसऱ्या अध्यायाच्या ७२ श्लोकांवर त्यांच्या सुमारे पावणेचारशे ओव्या आहेत. पंधराव्यात श्लोक फक्त वीस, पण ओव्या जवळजवळ सहाशे. बाराव्यातही श्लोक वीसच, आणि ओव्या अडीचशेच्या आसपास. तेराव्याच्या ३४ श्लोकांना त्यांनी साडेअकराशेहून जास्त ओव्या दिल्या, कारण ज्ञानाच्या लक्षणांतलं एकेक पद घेऊन ते थांबले. म्हणजे कुठे रेंगाळायचं हे श्लोकांच्या संख्येवरून ठरत नाही. आणि एका अध्यायाला एक बैठक, ही रचना तुम्हाला आळशी वाटत असेल तर विनोबांची आठवण करून देते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ते बोलले, दर रविवारी एक अध्याय. साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली. दुसऱ्याला एकच रविवार मिळाला आणि बाराव्यालाही एकच. त्यांची बरोबरी मी करत नाही, पण ही रचना माझ्या सोयीतून निघालेली नाही.

तरी ‘तीन मिनिटं कशी पुरणार’ हा प्रश्न उरतोच, आणि तो मी आराखडा करताना स्वतःला विचारला होता. हिशेब असा. शांतपणे बोललं तर तीन मिनिटांत मराठीचे साडेतीनशे-पावणेचारशे शब्द मावतात. एक अनुष्टुभ श्लोक नीट म्हणायला दहा-बारा सेकंद लागतात, आणि त्याचा अर्थ सांगायला साधारण त्याच्या दुप्पट. जोडणारी वाक्यं धरली तर एका भागात म्हणून दाखवायचे श्लोक चारच बसतात. पाचवा घातला की अर्थ घाईने उरकला जातो. त्यामुळे अध्याय नऊ मिनिटांत मावतो की तीनमध्ये, हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण ७२ श्लोक एकविसातही मावणार नाहीत. ठरवायचं असतं ते हे, की ते चार श्लोक कोणते.

माझी निवड अर्जुनाच्या प्रश्नांवरून होते. गीता हा संवाद आहे, आणि बहुतेक अध्याय एका प्रश्नाने ढकलले जातात. तिसऱ्याच्या सुरुवातीला तो विचारतो, बुद्धी कर्माहून श्रेष्ठ असेल तर मला या घोर कर्मात का ढकलतोस? पाचव्यात, संन्यास की कर्मयोग, एक काय ते सांग. सहाव्यात, मन वाऱ्यासारखं आहे, ते आवरायचं कसं? बाराव्यात, सगुणाचा उपासक मोठा की अव्यक्ताचा? बहुतेक भाग अशा प्रश्नाने उघडतात, कारण ऐकणाऱ्याला तो आपलाच वाटतो. सातवा, नववा, मी धरलेल्या प्रतीतला तेरावा, पंधरावा, सोळावा यांत अर्जुन काही विचारत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे. पंधरावा उलट्या अश्वत्थावर उभा राहतो. सोळाव्याचा मसुदा मात्र अजून दैवी आणि आसुरी गुणांची जंत्री वाटतो, म्हणून तो पुन्हा लिहीत आहे. टीका करायची होती तर जागा तिथे होती.

दुसरा भाग आता जसा आहे तसा सांगते. सुरुवात नवव्या श्लोकाने. ‘न योत्स्य’ म्हणून अर्जुन गप्प बसतो. हा पहिला म्हटलेला श्लोक. अकरा ते तीस हा आत्म्याचा मोठा पट्टा आहे. त्यातून तेरावा घेतला, कारण बालपण, तारुण्य, म्हातारपण हा क्रम दाखवायला घरातले तीन चेहरे पुरतात. ‘नैनं छिन्दन्ति’ घेतला नाही. तो लोकांना पाठ आहे, आणि पाठ असलेला श्लोक सुरू झाला की ऐकणारा मनातल्या मनात पुढे म्हणू लागतो, अर्थाकडे लक्ष राहत नाही. एकोणचाळिसाव्यात कृष्ण स्वतःच सांगतो की इथवर सांख्य झालं, आता योग ऐक. ते वळण मी एका वाक्यात घेतलं आहे. मग ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ म्हणून दाखवला. त्याला लगेच जोडून एकोणपन्नासाव्याचा नुसता अर्थ, कर्म हे बुद्धियोगाहून फार खालचं आहे. हे वाक्य सोडलं असतं तर तिसरा भाग लंगडा झाला असता, कारण अर्जुनाची तिसऱ्यातली तक्रार याच वाक्यातून जन्मते. शेवटी चोपन्नाव्यातला प्रश्न, स्थितप्रज्ञ बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, आणि उत्तरातला एकच श्लोक, अंग आवरून घेणाऱ्या कासवाचा.

स्थितप्रज्ञाची बाकीची लक्षणं आणि एकतीस ते सदतीस हा स्वधर्माचा तुकडा या भागात नाही, हे तुम्हाला खटकणारच. स्थितप्रज्ञाची लक्षणं चौदाव्या भागात येतात. तिथे अर्जुन जवळजवळ हाच प्रश्न पुन्हा विचारतो, तीन गुणांपलीकडे गेलेला माणूस ओळखायचा कशावरून? आणि उत्तरात पुन्हा सुखदुःखी समान, निंदास्तुतीत समान. बाराव्यातला भक्तही तसाच रंगवला आहे. ही तीन चित्रं शेजारी ठेवली की ऐकणाऱ्याला दिसतं, की ज्ञान, भक्ती आणि गुणातीतता यांचा माणूस एकच निघतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे दुसऱ्याचे तीन भाग केले असते, तर स्थितप्रज्ञ आठवड्याभरात सांगून मोकळे झालो असतो आणि चौदाव्याला तीच यादी परत वाचावी लागली असती.

स्वधर्माचं कारण वेगळं आहे. त्या सात श्लोकांत कृष्ण क्षत्रियाशी क्षत्रियाच्या भाषेत बोलतो, लोक नावं ठेवतील इथपर्यंत. वीस सेकंदांत हे सांगितलं तर ‘गीता लढायला सांगते’ एवढंच हाती लागतं. मुलांना शिकवताना हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ ही ओळ तिसऱ्या अध्यायात पस्तिसाव्या श्लोकात येते आणि अठराव्यात सत्तेचाळिसाव्यात तीच पुन्हा येते. मी ती अठराव्या भागात घेतली आहे, कारण तोवर फळ सोडणं म्हणजे काय हे सांगून झालेलं असतं.

पहिला अध्याय गाळणार नाही. यादी विसाव्या श्लोकाच्या आत संपते, त्यानंतर एक माणूस आपल्याच नातेवाइकांकडे पाहून खचतो, आणि त्याशिवाय पुढच्या सतरा भागांना कारणच उरत नाही. ढोल-ताशांचा उल्लेख माझ्या आराखड्यात कुठेही नाही, तो तुम्ही स्वतःहून आणलात. अकराव्यात पंधराव्या श्लोकापासून त्रिष्टुभ सुरू होतो आणि पठणाची चाल आपोआप चढते, तिथे वाद्य लागतच नाही.

भाग जमला की नाही हे मी ज्या रीतीने पाहते तीही सांगते. ध्वनिमुद्रण गीता न वाचलेल्या माणसाला ऐकवायचं आणि विचारायचं, अर्जुनाची अडचण काय होती? ती सांगता आली तर भाग उभा आहे. त्याऐवजी ‘छान होतं, शांत वाटलं’ असं उत्तर आलं तर मसुदा परत लिहायचा. दुसरा भाग या कसोटीला उतरला आहे. स्थितप्रज्ञाच्या उत्तरात कासवाऐवजी बासष्ट-त्रेसष्टची साखळी घ्यावी, विषयांच्या ध्यासापासून बुद्धिनाशापर्यंतची, असं कुणी सुचवलं असतं तर मी नक्की विचारात पडले असते, कारण ती निवड मलाही सोपी गेली नव्हती. तुमच्याकडे असं काही असेल तर श्लोक क्रमांकासह लिहा. माझ्या वाचनाबद्दलचे अंदाज मात्र यापुढे इथे छापणार नाही.