गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख: ०४/२७ म्हणजे २७ एप्रिल नव्हे

मी मेडिकलच्या काउंटरवर काम करते. आज लिहिते आहे ते पाकिटाच्या कडेला बारीक अक्षरात असलेल्या त्या एका ओळीबद्दल. ती ओळ चुकीची वाचल्यामुळे लोक चांगली औषधं कचऱ्यात टाकतात आणि कधीकधी मुदत संपलेली औषधं पोटातही घेतात. यात वाचणाऱ्याचा दोष मला फारसा वाटत नाही. छापणाऱ्याचा वाटतो.

मध्यंतरी एक काका रक्तदाबाच्या गोळ्यांचं जवळजवळ भरलेलं पाकीट घेऊन आले. “ताई, एप्रिल उलटून गेला, ही संपली ना? नवीन द्या.” पाकिटाच्या कडेला सगळं एकाला एक चिकटून होतं: बी. नं. टीएल२५०४३, एम. ०५/२५, ई. ०४/२७, आणि लगेच किंमत. काकांनी ०४/२७ वाचलं ते २७ एप्रिल. वर्ष त्यांनी शोधलंच नाही. आयुष्यभर बँकेच्या स्लिपवर, अर्जावर, लग्नपत्रिकेवर आधी दिवस आणि मग महिना वाचलेल्या माणसाचा डोळा पहिल्या आकड्याला दिवस समजणारच.

भारतात तयार झालेल्या गोळ्यांच्या पाकिटावर दिवस बहुतेक नसतोच. आपल्या औषध नियमांत, म्हणजे १९४५ च्या ड्रग्ज रूल्समधल्या नियम ९६ मध्ये, मुदत महिना आणि वर्षात लिहायची असं आहे, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येतं असा तिचा अर्थही तिथेच दिलाय. म्हणजे काकांचं औषध ३० एप्रिल २०२७ पर्यंत चांगलं होतं. दोनच आकडे दिसले तर त्यातला बारापेक्षा मोठा आकडा वर्षाचा, कारण महिने बाराच आहेत. इतकं लक्षात ठेवलं तरी आपल्याकडच्या पाकिटांवरचा घोळ बराचसा मिटतो.

दुसरी पडताळणी मी स्वतः रोज करते. दोन्ही तारखांमधलं अंतर मोजायचं. काकांच्या पाकिटावर तयार झाल्याचा महिना मे २०२५ आणि मुदत एप्रिल २०२७. मे २०२५ च्या सुरुवातीपासून एप्रिल २०२७ च्या अखेरीपर्यंत बरोबर चोवीस महिने होतात. म्हणूनच बऱ्याच पाकिटांवर मुदतीचा महिना उत्पादनाच्या महिन्याच्या एक आधीचा दिसतो: मे–एप्रिल, जुलै–जून, जानेवारी–डिसेंबर. दीड, दोन, तीन वर्षं अशी अंतरं नेहमी दिसतात. तुम्ही वाचलेल्या तारखांमध्ये चार महिन्यांचं किंवा अकरा वर्षांचं अंतर निघालं, तर आकडा वाचण्यात चूक आहे किंवा दोन तारखांची अदलाबदल झाली आहे, असं समजून पुन्हा बघा.

अदलाबदल खरंच होते. एम, एमएफडी किंवा एमएफजी म्हणजे तयार झाल्याची तारीख, ई किंवा ईएक्सपी म्हणजे मुदतीची. आणि बॅच नंबरमध्येही वर्षासारखे आकडे असतात. टीएल२५०४३ मधले २५ हे कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीप्रमाणे वर्ष असेलही, नसेलही. त्यावरून तारीख काढायला जाऊ नका. बॅच नंबर हा फक्त त्या घाण्याची ओळख आहे. एकाच वेळी बनलेल्या सगळ्या गोळ्यांना तो एकच असतो.

त्याच्या जवळपास एम. एल. असं लिहून अजून एक लांब नंबर असतो, तो उत्पादकाच्या परवान्याचा. लोक पुष्कळदा तोच बॅच म्हणून लिहून आणतात. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जा चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढते. ती बातमी मोबाईलवर फिरली की आमच्याकडे घाबरलेले चेहरे येतात. त्या यादीत औषधाचं नाव, बॅच, दोन्ही तारखा आणि उत्पादक असे रकाने असतात. नुसतं नाव जुळून काही होत नाही, बॅच अक्षरन्‌अक्षर जुळली पाहिजे. परवान्याचा नंबर घेऊन शोधलात तर त्या यादीत तुमचं पाकीट सापडणारच नाही, आणि तुम्ही उगाच निश्चिंत व्हाल.

वाचताना त्रास होतो तो ठशाचा. शाई नसते, चंदेरी पत्र्यावर नुसता दाबलेला ठसा असतो. त्यात ३ आणि ८, ५ आणि ६, १ आणि ७ सारखेच दिसतात, आणि बॅचमध्ये इंग्रजी बी की आठ, ओ की शून्य हे कळत नाही. मोबाईलचा टॉर्च सरळ वरून मारू नका, पत्रा नुसता चमकतो. उजेड बाजूने, जवळजवळ पत्र्याला टेकवून धरा. मग ठशाच्या कडेला सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. तसाच फोटो काढून मोठा करून बघा. तरीही ३ की ८ हे ठरत नसेल तर बिल काढा. बहुतेक दुकानांच्या बिलावर बॅच आणि मुदत छापलेली असते. काही ठरावीक ३०० ब्रँडना तर १ ऑगस्ट २०२३ पासून पाकिटावर किंवा खोक्यावर क्यूआर कोड सक्तीचा आहे, त्यातही बॅच आणि दोन्ही तारखा असतात.

परदेशातून आलेल्या बाटल्यांचं प्रकरण वेगळं आहे. अमेरिकेतल्या मुलीने आणलेल्या व्हिटॅमिनच्या बाटलीवर ०५/०६/२७ असेल तर तिथल्या रिवाजाप्रमाणे ती ६ मे, आपल्या सवयीने ५ जून. दोन्ही आकडे बाराच्या आतले, त्यामुळे आकड्यांवरून निकाल लागत नाही. बाटली कुठली आहे ते बघा, आणि तेही कळत नसेल तर दोन्हींतली आधीची तारीख धरा. इंग्लंडहून आलेल्या औषधावर मुदतीऐवजी ‘यूज बिफोर’ आणि महिना असेल, तर तिथे त्याचा अर्थ साधारणपणे आदल्या महिन्याच्या अखेरीपर्यंत असा घेतात. जून लिहिलाय म्हणून जूनभर घेऊ नका.

आता आमच्याच धंद्याला सांगते. चार गोळ्या मागितल्या की कापताना कोरं टोक गिऱ्हाइकाला द्यायचं आणि तारखेचं टोक दुकानात ठेवायचं, म्हणजे उरलेल्या गोळ्या कशाच्या ते दुकानात कळतं. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र बिनतारखेचे चार कप्पे जातात. अशा वेळी बिल मागून घ्या, नाहीतर त्या तुकड्याला चिकटपट्टी लावून त्यावर औषधाचं नाव, बॅच आणि मुदत लिहून द्यायला सांगा. आम्ही देतो. तुम्ही घरीही पाकीट नेहमी कोऱ्या बाजूने संपवत आणा.

आणि लिहिताना महिना अक्षरात, वर्ष चार आकड्यांत लिहा: ‘एप्रिल २०२७ अखेर’. काही कंपन्या महिन्याची तीन इंग्रजी अक्षरं आणि पूर्ण वर्ष छापतात, तेवढ्याच जागेत, तेवढ्याच ठशात. ते सगळ्यांनाच सक्तीचं करावं असं माझं ठाम मत आहे. सत्तरीच्या माणसाला ०४/२७ चा अर्थ लावायला लावणं बरोबर नाही.

काकांना मी नवीन पाकीट दिलं नाही. जुन्यावरच पेनाने मोठ्या अक्षरात ‘एप्रिल २०२७ अखेर’ लिहून परत दिलं.