घड्याळातले १०.३८ आणि मार्गाचे १० किमी: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

★ "फी दहा किमीची घेतली. तुमच्या नकाशावर ९.९४ दिसतं, माझ्या घड्याळात १०.३८ आलं. घड्याळात दहा किमी ५५:५६ ला झाले होते, निकालात मात्र ५७:३२. सहाव्या किमीचा बोर्डही चुकीचा होता. मार्ग नीट मोजता येत नसेल तर शर्यत कशाला भरवता?"

नमस्कार. रिव्ह्यूसोबत तुम्ही तुमच्या रनची लिंक दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. काल रात्री तुमची रेघ उपग्रह नकाशावर टाकून सीएसएमटीपासून शेवटपर्यंत पाहिली.

आधी नकाशाचं सांगतो, कारण तिथे चूक आमची आहे. तो नकाशा रस्ता कळावा म्हणून काढला होता. संगणकावर टिंबं जोडत गेलो, आणि टिंबं लांब लांब असली की दोन टिंबांमध्ये सरळ रेघ जाते. मरीन ड्राइव्हसारख्या सतत वळत जाणाऱ्या रस्त्यावर ती रेघ वळण कापते, म्हणून बेरीज कमी भरते. त्याखाली किलोमीटरचा आकडा ठेवायलाच नको होता. आज तो काढून टाकला आहे.

मार्गाचं अंतर त्या नकाशावरून ठरलेलं नाही. ते सायकलने मोजलेलं आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर लावतात. चाक फिरेल तसे त्याचे आकडे पुढे सरकतात, साधारण नऊ सेंटिमीटरला एक. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चार वेळा चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं, मग मार्ग मोजायचा, आणि लगेच पुन्हा त्याच तुकड्यावर चार फेऱ्या मारायच्या. ऊन चढलं की टायरमधली हवा प्रसरण पावते आणि चाक किंचित मोठं होतं, म्हणून ही नंतरची खात्री लागते. सायकल धावपटूला मिळू शकणाऱ्या सगळ्यात जवळच्या वाटेने जाते: वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून, आणि एका वळणापासून दुसऱ्यापर्यंत तिरकी सरळ. शेवटी मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर वाढवतात. म्हणजे आमचे दहा किमी खरे १०,०१० मीटर आहेत.

आता तुमचे वरचे ३८० मीटर.

पहिले ६५ मीटर मार्गाबाहेरचे आहेत. तुमच्या घड्याळाची एकूण वेळ ५८:१०, सुरुवातीच्या मॅटपासून शेवटच्या मॅटपर्यंतची चिपची ५७:३२. मधल्या ३८ सेकंदांत तुम्ही गर्दीत मॅटच्या सुमारे ४० मीटर मागून घड्याळ सुरू केलंत आणि शेवटची मॅट ओलांडल्यावर २५ मीटर चालून ते बंद केलंत. रेघेची दोन्ही टोकं मोठी करून पाहिलीत तर तुम्हालाही दिसेल.

सगळ्यात मोठा वाटा फोर्टचा आहे. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये तुमच्या घड्याळाने २.१९ नोंदवले. डी. एन. रोडच्या दुतर्फा उंच दगडी इमारती आहेत. तिथे उपग्रहाचा सिग्नल थेट मनगटावर न येता भिंतींवर आपटून येतो, उशिरा पोचतो, आणि घड्याळाला तुम्ही आहात त्याच्या बाजूला कुठेतरी दाखवतो. हुतात्मा चौकाच्या अलीकडे तुमची रेघ रस्ता सोडून एका इमारतीच्या पोटात शिरते आणि पलीकडच्या गल्लीतून परत येते. तुमच्या वेगाला एका सेकंदात जेमतेम तीन मीटर पडतात. तेवढ्यात टिंब चार-पाच मीटर आडवं सरकलं की सरळ धावेची नागमोडी होते, आणि नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असते.

उरले १२५ मीटर. त्यातले १० आमच्या वाढीव मापाचे. बाकीचे बहुतांश तुम्ही खरोखर धावलात. मरीन ड्राइव्हला आतली, म्हणजे जवळची बाजू समुद्राकडची आहे. तुम्ही बराच वेळ इमारतींच्या बाजूने होतात. इथे हिशोब सोपा आहे: वळण लांबलचक असो की आखूड, रस्ता एकूण काटकोनात वळला आणि तुम्ही आतल्या रेषेपासून १० मीटर बाहेर राहिलात, तर जवळजवळ १६ मीटर जास्त पडतात. जाताना आणि येताना मिळून ३२. त्यात चौपाटीजवळ रस्त्यावर ठेवलेल्या ट्रॅफिक कोनांना मारलेला मोठा वळसा, पाण्याच्या टेबलांकडे जाणं-येणं आणि गर्दीतून वाट काढणं मिळवा. दहा किमीला शंभर-सव्वाशे मीटर जास्त पडणं नेहमीचं आहे.

५५:५६ बद्दलही याच कारणाने नम्रपणे सांगतो की त्या क्षणी तुम्ही शेवटच्या रेषेच्या बऱ्याच अलीकडे होतात. घड्याळ सरासरी पेस ५:३६ दाखवतं. चिपच्या वेळेला दहाने भागलं तर ५:४५ येतो. पुढच्या शर्यतीचं गणित ५:४५ वर बांधा. ५:३६ धरून निघालात तर शेवटच्या दोन किमीत त्रास तुम्हालाच होईल.

राहिला सहाव्या किमीचा बोर्ड. तुमचं बरोबर आहे. स्वयंसेवकांनी तो ठरलेल्या दिव्याच्या पुढच्या दुसऱ्या खांबाला बांधला, साधारण ६० मीटर पुढे. ती जबाबदारी माझी आहे. तुमच्या लॅपमध्ये ते स्वच्छ दिसतं: सहावा किमी १.०७, सातवा ०.९५. बोर्ड चुकला की असंच होतं, एक लॅप फुगतो आणि पुढचा तेवढाच आखडतो, एकूण अंतर हलत नाही. इमारतींमुळे चूक असेल तर ठरावीक तुकड्यातच आकडा उडी मारतो आणि पुढे भरून निघत नाही. तुम्ही लांबच्या वाटेने धावत असाल तर प्रत्येक लॅपला दहा-पंधरा मीटर सारखे जास्त येतात. तुमच्या रनमध्ये तिन्ही प्रकार आहेत.

तुमच्याकडे हे लॅप होते, कारण तुम्ही प्रत्येक बोर्डपाशी स्वतः बटण दाबलंत. फार कमी जण ते करतात. ऑटो लॅप चालू असला तर घड्याळ स्वतःच्याच किलोमीटरला कापतं आणि तुलना करायला काहीच उरत नाही. पुढच्या वेळी अजून दोन गोष्टी करा. नोंद दर सेकंदाला होईल असं सेटिंग ठेवा. टिंबं विरळ ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये यू-टर्नचं टोक कापलं जातं. आणि मैदानात, मोकळ्या आकाशाखाली उभं राहून उपग्रह सापडल्यावर दोन मिनिटं जाऊ द्या, मगच स्टार्टच्या गर्दीत शिरा.

एक मात्र खरं, की एका घड्याळावरून मार्ग बरोबर ठरत नाही तसा चूकही ठरत नाही. पण मरीन ड्राइव्हच्या मोकळ्या तुकड्यात बऱ्याच जणांची घड्याळं बोर्डागणिक कमी दाखवत असती, तर मी त्याच दिवशी सायकल काढली असती, कारण तिथे घड्याळाची चूक सहसा जास्तीच्या बाजूला जाते. या वेळी आमच्याकडे आलेल्या रनमध्ये तसं एकही नाही.

मोजणीच्या दिवसाचे काउंटरचे आकडे आणि प्रत्येक बोर्डाचा खांब क्रमांक मी मार्गाच्या पानावर टाकतो आहे. चौपाटीचा कोन नेमका कुठे होता तेही त्यात आहे. तुमच्या रेघेशी ताडून बघा, आणि कुठे जुळलं नाही तर त्या जागेचा स्क्रीनशॉट पाठवा. सायकल घेऊन मी स्वतः तिथे जाईन.

– आयोजक